पाठ लागली नाही

वर्षभर या स्तंभातून मी वाचकांना घरातल्या गळक्या नळापासून शेजाऱ्यांच्या रेडिओपर्यंत नाना विषय ऐकवले. दिवाळी अंकात संपादक मला चार पाने जास्त देतात आणि वर बजावतात की, यंदा जरा गोष्ट सांगा. गोष्ट माझ्यापाशी एकच आहे. ती कुस्तीची आहे आणि मी जन्मात कधी लंगोट कसलेला नाही. तरीही सांगतो, कारण त्या दिवशी मी तिथे होतो आणि जे बिघडले त्यातला थोडा भाग माझ्या हातून बिघडला होता.

माझी ताई आंजर्ल्यात दिलेली. कड्यावरच्या गणपतीला जाणाऱ्या मंडळींना आंजर्ले ठाऊक असेलच. दापोली तालुक्यात, खाडीच्या अलीकडे हे गाव, पलीकडे हर्णै, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. गावात नारळी-पोफळीच्या वाड्या. आता अशा गावात कुस्ती कुठून आली, असे कोल्हापूरचा मनुष्य विचारील, आणि त्याचे बरोबरच आहे. आमच्याकडे कुस्ती आली ती गिरणीच्या संपामुळे. 1982 च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, आणि कोकणातले कितीतरी कामगार वळकटी बांधून गावी परतले. त्यांत आमचे नाना होते. तेव्हा ते तिशीच्या आत होते. पाळी संपली की गिरणगावातल्या तालमीत लढत करायची, एवढीच त्यांची मुंबई. गावी आल्यावर काही वर्षांनी त्यांनी एका पडीक कौलारू खोपीत हौदा खणला, भिंतीत मारुती बसवला आणि पोरे गोळा केली. माझ्या लहानपणी त्या खोपीत सोललेल्या नारळांचा ढीग असे.

हौद्याची माती हे नानांचे मोठे प्रकरण. आमच्याकडची माती तांबडी असली तरी जांभ्याची, खडीची. तिच्यात अंग घासले की सोलून निघते. म्हणून नाना ती दोनदोनदा चाळून घेत. मग तिच्यात ताक, लिंबाचा रस, हळद, काव, कापूर आणि तेल. तेल मात्र खोबरेल, कारण तेच घरचे. ही माती रोज पहाटे पोरांनी खोऱ्याने खणायची आणि पायाने सारखी करायची. पावसाळ्याचे चार महिने तर ती दमट होऊन थापटल्यासारखी बसते. तेव्हा ती न खणता कोणी लंगोट बांधला, तर नाना त्याला घरी पाठवीत.

माझा भाचा याच मातीत वाढला. सोळा वर्षांचा, वजन पन्नास किलोच्या आसपास, बोलणे मोजके. पंचक्रोशीतल्या जत्रांत त्याने दोनचार नारळ आणि एक फेटा मिळवला होता. 2023 च्या दिवाळीआधीच्या रविवारी मुंबईत सतरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा होती. तिच्यासाठी नाना त्याला घेऊन रातराणीने माझ्याकडे परळला आले. गिरणगाव सोडल्यापासून नानांनी मुंबई पाहिली नव्हती. सकाळी गॅलरीत उभे राहून त्यांनी आपल्या गिरणीचे धुराडे शोधले. तिथे काचेची चाळीस मजली इमारत उभी होती. नाना काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “भाऊ, चहा जरा जास्त साखरेचा सांगा.”

आता माझा अपराध. ही कुस्ती मातीवर नव्हे, गादीवर होती, आणि गादीवर अनवाणी उतरता येत नाही. घोट्यापर्यंत घट्ट बांधायचे, मऊ तळव्याचे बूट लागतात. ताईने फोनवर ते काम मला सांगितले होते. दुकानदाराने सहा नंबर सांगितला, मी सात घेतला. ‘पोर वाढते आहे, पुढच्या वर्षी कामास येतील.’ मध्यमवर्गीय मनुष्य दुसरा कोणता विचार करणार? शाळेच्या बुटांपासून लग्नाच्या कोटापर्यंत आम्ही सगळे असेच घेत आलो. आदल्या संध्याकाळी त्याने ते पायांत घातले आणि दिवाणखान्यात दोन पावले टाकली. सौ. चकल्या तळत होती. तिने विचारले, “होतात का रे बरोबर?” तो म्हणाला, “होतात मामी.” पाहुण्याच्या घरी कोकणातला मुलगा याहून वेगळे उत्तर देत नाही. सौ.ने मग त्याला मोज्यांचे दोन जोड दिले, म्हणजे तिला दिसले होते, मला नव्हते.

सकाळी सात वाजता वजने झाली. एक्कावन्न किलोचा गट होता, काटा पन्नास पूर्णांक सहा दशांशावर थांबला. तेव्हा चकलीचा दोष कोणी देऊ नये. डॉक्टरांनी अंगावर कुठे खरूज-गजकर्ण आहे का ते पाहिले, हाताची नखे पाहिली आणि दोन बोटांची कापून यायला सांगितले. मग एका मोठ्या सभागृहात आम्ही जाऊन बसलो. मधोमध दोन गाद्या अंथरलेल्या. गादी म्हणजे आपली कापसाची नव्हे. ती फोमची असते, चार बोटे जाडीची, वर गुळगुळीत रेक्झिनसारखे कापड. तिच्यावर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ आणि त्याच्या कडेला मीटरभर रुंद रंगीत पट्टा. नानांनी वाकून गादीवर पंजा दाबला, उचलला, आणि पंजाकडे पाहिले. हाताला काहीच लागले नव्हते. मातीवर उतरताना पैलवान चिमूटभर माती कपाळाला लावतो. भाच्याने गादीला हात लावून तो कपाळाला नेला. पोटात काहीतरी हलल्यासारखे मला झाले. उपाशी होतो म्हणूनही असेल.

पहिली कुस्ती पुण्याकडच्या एका मुलाशी लागली. उंची सारखीच, पण खांदे उतरते आणि मान कानांच्या रुंदीची. हात मिळाले, शिट्टी वाजली.

पुढचे मला तेव्हा समजले नाही, नंतर समजले. तसेच सांगतो, म्हणजे वाचकांनाही समजेल. मातीवरची कुस्ती सुरू होते खडाखडीने. दोघे एकमेकांचे हात धरतात, मान दाबतात, ताकद अजमावतात, आणि त्यात पाच-दहा मिनिटे सहज जातात. घाम आला की समोरच्याच्या अंगाला मूठभर माती फासायची, म्हणजे पकड बसते. समोरचा जोरात आला तर खाली बसायचे, गुडघे आणि कोपरे मातीत रोवायचे. रोवलेला पैलवान उलटवणे फार कठीण. तो तिथे दम खातो, वरच्याला दमवतो, आणि संधी मिळाली की उठतो. यात त्याचे काही गेले असे होत नाही. मातीवर हार एकच, ती म्हणजे पाठ लागणे.

भाचा खडाखडी करीत होता. त्या मुलाने एकदम खाली वाकून त्याचा एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय दोन्ही हातांनी ओढला. भाच्याने पाय सोडवायला दुसरा रेटून वळवला, तर बुटाचा तळवा गादीला चिकटला आणि पाय आत बुटात फिरला. सात नंबर! तो गुडघ्यावर आला आणि नानांनी शिकवले होते तसा खाली बसला. गुडघे टेकलेले, कोपरे टेकलेली, मान आत. आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला कासवे येतात, त्यांतलेच एक बसावे तसा. पंचाने दोन बोटे वर केली. खाली नेऊन मागून ताबा घेतला म्हणून त्या मुलाला दोन गुण.

पण गादीत गुडघा रुतत नाही आणि कोपरही रुतत नाही. वरच्या मुलाने भाच्याच्या पोटाखालच्या पोकळीतून हात घातले, बरगड्यांखाली दोन्ही हातांची कडी केली, करकचून आवळले आणि स्वतःच्या मानेवर कमान करून त्याला अंगावरून पलीकडे फिरवले. याला भारंदाज म्हणतात. भाच्याने काय केले? नानांनी दहा वर्षे घोकून घेतलेले केले. पाठ खाली जाऊ लागताच डोके टेकून मानेवर कमान घेतली आणि खांदे अधांतरी ठेवले. उत्कृष्ट कमान होती. पंचाने दोन बोटे वर केली. गादीच्या नियमात पाठ नुसती जमिनीकडे वळली तरी गुण जातात, टेकायची गरज नाही. कडी सुटली नव्हती. तो पुन्हा फिरवला गेला, पुन्हा कमान, पुन्हा दोन. पुन्हा. पुन्हा. दोन आणि चार वेळा दोन, दहा झाले. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच थांबते. फळ्यावरच्या घड्याळात मिनिटसुद्धा पुरे झाले नव्हते.

पंचाने त्या मुलाचा हात वर केला. भाचा उभाच. मग तो आमच्याकडे आला आणि नानांना म्हणाला, “नाना, माझी पाठ लागली नाही.”

“नाही लागली,” नाना म्हणाले. “मी बघत होतो.”

“मग मी हरलो कसा?”

नानांनी उत्तर दिले नाही. मुलाच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ते असते तर बरे झाले असते. फसवले गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि तो चेहरा पंचाकडे नव्हे, नानांकडे वळला होता. दहा वर्षे ज्याने पहाटे उठवून माती खणायला लावली, त्याच्याकडे. मी उगाच म्हणालो, “पुढच्या वर्षी पाहू.” कोणी ऐकले नाही ते बरे झाले.

घरी जायचे तर नियमाने जाता येत नव्हते. इथे एक सोय असते. तुम्हांला हरवणारा जर अंतिम फेरीत पोहोचला, तर त्याच्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा लढता येते. तो मध्येच हरला तर तुमचाही कारभार आटोपला. म्हणजे आता आम्हांला दिवसभर बसून त्या पुण्याच्या मुलाच्या विजयाची प्रार्थना करायची होती. आयुष्यात मी कचेरीतल्या वरिष्ठांसाठी असे केले आहे, पण कुस्तीत असे असेल अशी कल्पना नव्हती.

नाना गादीच्या कडेला मांडी घालून बसले. त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात सुपाऱ्या होत्या, घरच्या, सोललेल्या. पंचाने बोट वर केले की नाना तितक्या सुपाऱ्या उजव्या खिशात टाकीत. कुस्ती संपली की उजवा खिसा रिकामा करून मोजीत. मी शेजारी लिफाफ्याच्या पाठीवर निकाल मांडत होतो. अशा बारा कुस्त्या झाल्या. नाना म्हणाले, “भाऊ, बारांत पाठ लागून निकाल किती?”

मी पाहिले. “दोन.”

“आणि खाली बसल्यावर किती सुपाऱ्या गेल्या?”

ते मी लिहिले नव्हते. त्यांच्या मात्र लक्षात होते. निम्म्याहून अधिक. काही वेळ ते सुपारी हातात फिरवीत राहिले. मग म्हणाले, “खाशाबांचं असंच झालं होतं ना?”

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे नानांचे दैवत. तालमीत मारुतीच्या खालोखाल त्यांचाच फोटो. मला जेवढे वाचून ठाऊक होते तेवढे मी भाच्याला ऐकू जाईल असे सांगितले. मातीत तयार झालेले खाशाबा 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा आयुष्यात प्रथम गादीवर उभे राहिले. नियमही नवे. तिथे रीस गार्डनर नावाच्या कुस्तीगिराने त्यांना शिकवले, आणि खाशाबा सहावे आले. परतल्यावर त्यांनी चार वर्षे त्या पद्धतीने मेहनत केली. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. तिथे खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

“त्या गोऱ्यानं शिकवलं,” नाना म्हणाले, “म्हणजे खाशाबांनी आधी विचारलं असणार. आपण कोणाला विचारायचं?”

आणि उठले. मला वाटले पाणी प्यायला गेले. ते गेले थेट त्या पुण्याच्या मुलाकडे. तो भिंतीला टेकून केळे खात होता, उपांत्य फेरीची वाट पाहत. सत्तर वर्षांचे नाना, धोतर, डोक्यावर टोपी, कान मोडलेले. जन्मभर मातीत रगडून पैलवानाचा कान असा होतो, करंजीच्या कडेसारखा. पोराने कान पाहिले आणि केळे बाजूला ठेवून उभा राहून पाया पडला.

“बाळ,” नाना म्हणाले, “माझ्या पोराला सकाळी घेतलास तो भारंदाज मला दाखव. आणि तुला कोणी घेतला तर तू काय करतोस तेही दाखव.”

त्याने आपल्या प्रशिक्षकाकडे पाहिले. तो तिशीचा गृहस्थ मान हलवून हसला आणि म्हणाला, “दाखव की. वस्ताद विचारतायत.”

सरावाच्या छोट्या गादीवर पुढची वीस मिनिटे जे झाले ते मी जन्मभर विसरणार नाही. नानांनी धोतराचा काचा मारला आणि स्वतः खाली बसले. गुडघे आणि कोपरे टेकून, आपल्या पद्धतीने. “घाल कडी.” मुलाने हलक्या हाताने घातली. “हं. इथून हात आला. ही पोकळी.” मग मुलगा खाली पडून दाखवू लागला. गुडघ्यावर बसायचेच नाही. खाली गेलो असे वाटले की पोट सपाट गादीला लावायचे, कंबर दाबायची, पाय फाकायचे, हात पुढे लांब. हात बरगडीखाली आलाच तर दोन्ही मिळण्याआधी मनगट धरायचे, कारण कडी पडल्यावर काही उपयोग नाही. तो ज्या बाजूला फिरवतो तिकडची कंबर जड करायची. पंधरा-वीस सेकंद असे काढले की पंच शिट्टी मारून दोघांनाही उभे करतो. “म्हणजे इथे खाली बसून दम खायचा नाही,” नाना म्हणाले, “खाली पसरून वेळ खायचा.” मुलगा म्हणाला, “हो आजोबा.”

नंतर भाच्याला बोलावले. तो आला, पण तोंड फुगवून. नानांनी त्याला खाली पाडून घेतले आणि त्याच्या कमरेवर पाय देऊन म्हणाले, “सपाट. अजून. किनाऱ्यावर लाट ओसरल्यावर रेती बसते ना, तसा.” चौथ्या वेळेला त्या मुलाला कडी घालता आली नाही. भाच्याच्या चेहऱ्यावरचा राग तेव्हा गेला. निदान नानांवरचा तरी.

बुटांचेही तिथेच निघाले. पुण्याच्या मुलाने खाली पाहून सहज विचारले, “दोन नंबर मोठे घेतले काय?” मी छताकडे पाहिले. त्याने आपल्या पिशवीतले जुने बूट काढून दिले, अंगठ्याशी शिवलेले. ते भाच्याच्या पायांत बेतल्यासारखे बसले.

मुलगा उपांत्य कुस्ती जिंकला. आम्ही तिघे इतके ओरडलो की त्याच्या घरचे लोक वळून पाहू लागले.

साडेतीनला भाच्याची पुन्हा कुस्ती लागली. मुले सतरा वर्षांखालची असली की दोन-दोन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. पहिल्या डावात समोरच्याने दुहेरी पटावर त्याला खाली नेले. दोन गुण गेले. कडी घालायला हात आला, आणि भाचा सपाट झाला. हात, पाय, पोट, सारे गादीला. वरचा ओढतो आहे, हा हलत नाही. शिट्टी झाली, दोघे उभे. नानांनी दोनच सुपाऱ्या टाकल्या. मग रेटारेटीत भाच्याचे एक पाऊल वर्तुळाबाहेर पडले आणि एक गुण गेला. मातीच्या फडात कुस्ती कडेला गेली की पंच हाताला धरून मध्ये आणतो, तिथे बाहेर जाण्याचा गुण नसतो. तीन-शून्य.

विश्रांतीत नानांनी त्याचे अंग टॉवेलने कोरडे केले. इथे माती नाही, घाम पुसायलाच हवा. कानात एकच वाक्य सांगितले. मी जवळ होतो म्हणून ऐकले. “आता आपलं काढ.”

दुसऱ्या डावात भाच्याने त्याला रेटत नेऊन त्याचेही पाऊल बाहेर काढले. तीन-एक. घड्याळात चाळीस सेकंद उरले. समोरचा आता खेळ राखत होता, हात लांब ठेवून मागे मागे. त्याचा उजवा हात एकदा जरा वर राहिला. भाच्याने तो दंडाशी धरला, मान त्याच्या काखेखाली घातली, दुसरा हात मांड्यांमधून, आणि गुडघ्यावर बसता बसता त्याला खांद्यांवर आडवा घेऊन पलीकडे टाकले. कलाजंग! गिरणगावच्या तालमीत नानांनी शिकलेला, आंजर्ल्याच्या खडीच्या मातीत घोटलेला. मातीवर पायाला जड जाते, गादीवर तर तो पाण्यासारखा झाला. उभ्यातून थेट पाठीवर, म्हणजे चार गुण. समोरच्याने कमान करून पाठ वाचवली आणि अंग सोडवून निसटला. पाच-तीन.

आता मी खुर्चीवर उभा होतो. शेवटचे दहा सेकंद राहिले असतील, समोरच्याने जीव खाऊन पायांत झेप घेतली आणि भाच्याला खाली नेले. दोन गुण. पाच-पाच. कडीसाठी हात आत गेला, एक आत आला, दुसरा शोधतो आहे, आणि भाचा रेतीसारखा बसला आहे. घंटा झाली.

“बरोबरीत सुटली,” नाना म्हणाले, आणि टोपी काढून डोके पुसले. मातीवर बरोबरीत सुटणे वाईट नाही, दोघांनाही नारळ मिळतो. पण गादीवर बरोबरी नसते. समोरच्याच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवू लागले होते, कारण शेवटचा गुण त्याचा. भाच्याने मान खाली घातली. पंचाने दोघांची मनगटे धरली आणि टेबलाकडे पाहिले. मग हात वर केला तो आमच्या पोराचा.

पुण्याचे प्रशिक्षक मागून म्हणाले, “गुण सारखे झाले की आधी मोठ्या गुणांचा डाव कुणाचा ते बघतात. चार गुणांचा डाव तुमच्याच पोराचा होता.” नानांनी मोजल्या नसलेल्या सुपाऱ्या तशाच मुठीत धरल्या होत्या. त्यांनी त्यांतली एक त्या प्रशिक्षकांना दिली.

कांस्यपदकाची कुस्ती भाचा हरला, सहा-दोन. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. समोरचा मुलगा चांगला होता आणि आमचा थकला होता. दहा गुणांनी मात्र हरला नाही, कुस्ती शेवटच्या शिट्टीपर्यंत गेली. पुण्याच्या मुलाने सुवर्णपदक घेतले. भाचा बूट परत करायला गेला तर तो म्हणाला, “राहू दे, मला लहान होतात.” खरेच होत होते की नाही, देव जाणे. सात नंबरचे बूट माझ्याकडे आहेत. दिवाळीत मी स्वतः घालून पाहिले, अंगठा लागतो.

डिसेंबरात मी आंजर्ल्याला गेलो. तालमीत नाना नव्हते. ताई म्हणाली, “ते आता सकाळी किनाऱ्यावर असतात.” खोपीतला हौदा चौदा फुटांचा, त्यात नऊ मीटरचे वर्तुळ मावणार कसे? गादीची किंमत मी चौकशी करून सांगितली होती, तेव्हा नानांनी विषयच बदलला होता.

ओहोटी होती. ओल्या घट्ट रेतीत मध्यभागी खुंटी ठोकलेली, तिला साडेचार मीटरची सुंभाची दोरी, आणि दोरीच्या टोकाला काठी बांधून नानांनी गोल रेघ मारली होती. आत दोन पोरे एकमेकांना रेटत होती. रेघेबाहेर पाय पडला की भाचा मोठ्याने “एक!” म्हणून ओरडे. तोच आता पंच झाला होता. पलीकडे सुवर्णदुर्ग उन्हात आला होता.

“भाऊ, बरे आलात,” नाना म्हणाले. “तुमच्या मोबाइलात दोन मिनिटांची घंटी लावता येते ना? तेवढी लावून द्या. पाणी वर यायला लागलंय, आज अजून चारच कुस्त्या होतील.”